उडीच्या आधीचं धावणं

मी व्हिडिओ एडिट करते. साखरपुडे, हळदी, लग्नं, डान्स क्लासची गॅदरिंग, काय म्हणाल ते. वसई पश्चिमेला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यातल्या बेडरूमच्या खिडकीपाशी माझं टेबल. नवरा मुंबईला नोकरीला जातो, मी घरीच बसून काम करते. नाचाची क्लिप समोर आली की काय करायचं ते माझ्या हातालाच कळतं. बाई गिरकीला येईपर्यंतचं सगळं पळवायचं, गिरकीपाशी वेग झपकन उतरवायचा, पदर हवेत पसरला की चित्र जागच्या जागी थांबवायचं आणि गाण्याचा ठोका पडला की सोडून द्यायचं. वेगाच्या ह्या चढउताराला रॅम्प म्हणतात, थांबवलेल्या चित्राला फ्रीज. नको ते पळवायचं, हवं ते थांबवायचं. एवढंच शास्त्र आहे, आणि त्यात माझा हात धरणारं वसईत कुणी नाही असा माझा समज होता. होता म्हणते आहे, लक्षात घ्या.

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. लांब उडी मारायची. अभ्यासात यथातथा, घरात महाआळशी, ताट उचलायला चारदा सांगायला लागायचं. पण मैदानावर सोडली की वेगळीच. शाळेच्या पीटीच्या बाई म्हणायच्या, "हिच्या उडीचं मला कौतुक नाही हो. हिच्या धावण्याचं आहे. फळीपर्यंत हिचा वेग वाढतच जातो. हे शिकवून येत नाही." फळी म्हणजे वाळूच्या खड्ड्याआधी जमिनीत बसवलेली पांढरी पट्टी, तिच्यावर पाय देऊन उडायचं. मी हो हो म्हणायचे. धावणं तर सगळीच पोरं धावतात, असं मनात.

तालुक्याच्या स्पर्धेत ती पहिली आली. चांदीप गावाकडची एक काटक मुलगी होती, दरवर्षी तीच जिंकायची, तिला हिने मागे टाकलं. मी कामाचा कॅमेरा घेऊन गेले होते. बाजूने, धावपट्टीला समांतर उभी राहून तिची सगळ्यात मोठी उडी पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत घेतली, सेकंदाला पन्नास चित्रं. तशी घेतली की निम्म्या वेगाने दाखवली तरी चित्र तुटत नाही. मला माझाच अभिमान वाटला, बघा.

बाईंनी एका निवासी क्रीडा शाळेचा फॉर्म आणला. राहणं, शिकणं, रोजचा सराव, सगळं तिथेच. जागा मोजक्या, आणि वयाची अट अशी की हिला ही एकच संधी. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. फॉर्मसोबत उडीची क्लिप पाठवायची होती. पोरगी तर नाचायलाच लागली. स्वतःची बॅग कोणती न्यायची तेही ठरवून मोकळी झाली.

मी क्लिप करायला बसले ती दुपारी जेवण झाल्यावर. पाच सेकंदांचं धावणं मला कंटाळवाणं वाटलं. मेलं, किती वेळ धावतेय! ते तीनपट पळवलं. फळीपाशी वेग अर्ध्यावर उतरवला. आणखी हळू करून बघितलं, पण मग सॉफ्टवेअर दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच रचायला लागतं, आणि तिचा गुडघा मेणासारखा वितळल्यासारखा दिसायला लागला. म्हणून अर्ध्यावरच ठेवलं आणि ती हवेत सगळ्यात उंच असताना, छाती पुढे, दोन्ही हात वर, केस मागे, तिथे चित्र गोठवलं. पूर्ण दोन सेकंद. मैदानावरचा आवाज काढून गाणं टाकलं. ठोक्यावर सोडलं, आणि वाळू उडाली. बघताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ही माझी मुलगी, आणि हे मी केलंय!

क्लिप पाठवली. दुसऱ्या दिवशी होळी गावात साखरपुडा होता, त्यासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून नेलं. गिऱ्हाइकाचं शूटिंग मी दोन-दोन ठिकाणी उतरवून ठेवते, त्यात कधी चूक नाही. हे घरचं काम होतं. कार्डावरूनच उघडलं, कापलं, तयार झालं, संपलं. कॉपी करायची कुठे गरज, घरचंच तर आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर ती क्लिप गाजली. खालची पोरं जिन्याजवळ हात वर करून एका पायावर उभी राहायची आणि "फ्रीज!" म्हणून ओरडायची. माझी लेक दिवसातून दहादा ती क्लिप बघायची. सकाळी दात घासताना, जेवताना, मैदानावर जाण्याआधी. "आई, काय भारी दिसतेय मी, नाही?" मी म्हणायचे, "दिसतेस म्हणजे! आईने केलंय ते."

आठवड्याभराने त्या शाळेतून तिथल्या प्रशिक्षकांचा फोन आला. सर शांत बोलत होते, म्हणून जास्तच लागलं.

"ताई, तुमची क्लिप बघितली. ही मुलगी धावते कशी, ते ह्यात कुठे दिसतं?"

"सर, सुरुवातीला आहे ना."

"ते तुम्ही पळवलंय. फळीवरचा पाय हळू केलाय. उडी हवेत थांबवलीय. आम्हाला वेग बघायचा असतो, शेवटची चार पावलं बघायची असतात. फळीवर पाय कसा पडतो, तिथे वेग टिकतो का, हे बघायचं असतं. तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत. मूळ क्लिप आहे ना, ती पाठवा."

मी हो म्हटलं. मूळ तर कार्डावरून पुसलेलं होतं. फोन ठेवला आणि टेबलाशी बसून उलटं काम सुरू केलं. पळवलेलं परत हळू केलं. पण तयार क्लिप सेकंदाला पंचवीसच चित्रांची, त्यात तीनपट पळवताना सॉफ्टवेअर बहुतेक चित्रं टाकूनच देतं. तिच्या धावण्याच्या अडीचशे चित्रांपैकी माझ्या तयार क्लिपमध्ये उरली होती चाळीसेक. हळू केल्यावर ती पोर धावतच नव्हती, इथून उचलून तिथे ठेवल्यासारखी दिसत होती. आणि त्या गोठवलेल्या दोन सेकंदांत तर एकच चित्र होतं, पन्नास वेळा तेच. पीटीच्या बाईंना विचारलं, त्यांच्याकडे बक्षिसाचा फोटो निघाला. इतर आईबापांनी आपापल्या पोरांचं शूटिंग केलेलं. कार्डावर आता होळीचा साखरपुडा होता, नवरी अंगठी घालताना हसत होती. मी चरफडले, रडले, स्वतःला नाही नाही ते बोलले.

शेवटी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "तालुक्यात पहिली आहे ना? समोर घेऊन या. तीन उड्या देईन." देवमाणूस, मी म्हटलं. लेकीला मात्र खोटं सांगितलं. क्लिप आवडली म्हणून प्रत्यक्ष बोलावलंय, असं. तिला उगाच कशाला टेन्शन, असा माझा शहाणपणा. नवऱ्यालाही तेच सांगितलं.

मधल्या दिवसांत बाईंचा एकदा फोन आला. "अहो, ही फळीजवळ ब्रेक का मारायला लागलीय? आधी असं नव्हतं हो." मी म्हटलं, घाबरली असेल, निवडचाचणी आहे ना. बाई म्हणाल्या, "घाबरून नाही वाटत. छान हसत हसत हळू होते." मला तेव्हाही कळलं नाही. रोज वेग खालीवर करणारी बाई मी, आणि मला कळू नये!

चाचणीच्या दिवशी मी जाळीबाहेर उभी होते. पहिल्या उडीला ती सुटली, आणि मला बरं वाटलं, चांगली धावत होती. मग फळीपाशी येताना ती मंदावली. अगदी माझ्या क्लिपमध्ये मंदावते तिथेच. पावलं आखूड झाली, फळीवरून ती पुढे जायच्या ऐवजी वर गेली, दोन्ही हात वर, छाती पुढे, हनुवटी वर, आणि थाडकन खड्ड्याच्या तोंडाशीच पडली. सर ओरडले, "बाळा, ही उंच उडी नाही! पळत ये!" मी जाळीला धरून ओरडले, "धाव गं! नुसती धाव!" दुसरी तशीच. तिसऱ्या उडीला ती मुद्दाम जोरात आली, आणि फळीपाशी तिचे पायच तिचं ऐकत नव्हते. अडखळली, पाय फळीच्या पुढे पडला. फाऊल.

सर माझ्याजवळ आले. "धावण्यात काहीतरी आहे तिच्या, अर्ध्यापर्यंत दिसतं," म्हणाले. "पण मला अर्ध्यावर निवडता येत नाही, ताई." नमस्कार करून पुढच्या मुलीकडे गेले. त्यांचं काही चुकलं नाही.

ती बूट सोडत पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला.

"काय झालं होतं गं तिथे?"

"तू मला तिथेच हळू केलंयस ना," ती म्हणाली. "मला वाटलं तिथेच माझं चांगलं असतं. मी रोज बघून बघून तसंच करत होते. पण मला वर थांबता येत नव्हतं, आई. मी खूप ट्राय केलं."

मी तिच्या बुटाची नाडी सोडवत बसले, सुटलेलीच होती ती.

मग ती म्हणाली, "घरी गेल्यावर मला ती साधी क्लिप दाखव. तू काही न केलेली. मी आधी कशी धावायचे ते बघते, म्हणजे जमेल मला परत."

"नाही गं ती," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नाहीये. मी पुसली."

ती बूट हातात घेऊन, मोज्यांवरच, गेटकडे चालायला लागली.