पायाळूची लाथ

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोकं आधी न येता पाय आधी आले. त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही, पण आमच्या कोकणातल्या माणसांत एकदा का कळलं की बाई पायाळू आहे, की तिचा पाय तिचा राहत नाही. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली की तो आपला येऊन पालथा पडतो. आपण एक पाय उचलायचा, दुखऱ्या जागेवर टेकवायचा, हलकी लाथ दिल्यासारखं करायचं. माणूस वयानं मोठा असेल तर नंतर वाकून नमस्कार करायचा, कारण मोठ्यांना पाय लावणं पाप. लाथही आपण द्यायची आणि नमस्कारही आपणच करायचा!

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा सासूबाईंना माझ्या हातचं काहीच गोड लागायचं नाही. पाय मात्र गोड लागला. कंबर धरली की हाक मारायच्या, "धाकटीला बोलवा." हे माझ्या थोरल्या जावेला झोंबायचं. ती घरात माझ्या आधी आलेली, शिकलेली, पगार आणणारी. तिची समजूत अशी की सासूला कसं फितवायचं हे मला पोटातूनच ठाऊक होतं. सासूबाई गेल्या, चाळ पडली, त्या जागी टॉवर उभा राहिला, आम्हा दोघींना एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट मिळाले. ज्याला कुणाला वाटलं असेल की जावा-जावांनी शेजारी राहावं, त्यानं आमच्या मजल्यावर येऊन आठवडाभर राहून दाखवावं. मी दारात रांगोळी काढली की हिच्या मोलकरणीचा ओला पोछा नेमका तिथूनच फिरणार.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझं एक झालं. भाजी घेऊन रेल्वेच्या पुलावरून उतरत होते. शेवटची पायरी संपली असं वाटलं, आणि ती अजून होती. उजवा पाय असा धाडकन खाली आला की दात वाजले. पडले नाही, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून उजव्या बाजूला आत खोल ठणका लागला. सपाटीवर चालताना फारसं काही नाही. पण उभ्यानं परकर घालायला डावा पाय उचलला की उजवीकडे सुरी फिरल्यासारखं. जिना चढताना तेच. रिक्षातून उतरताना तेच. अंथरुणात कूस बदलायची म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं.

आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं?" मी म्हटलं, "कंबर." आता खरं सांगायचं तर दुखत होता कुल्ला. पण ज्या माणसानं माझ्या पोरांना लसी टोचल्या त्याच्यासमोर कुल्ला कसं म्हणायचं? त्यांनी कमरेच्या मणक्यांचा एक्स-रे काढला, वयानं झीज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, चोळायला मलम दिलं. मी रोज इमानेइतबारे कमरेला मलम चोळत होते. दुखत होतं वीतभर खाली.

गणपतीला थोडे दिवस उरले असताना जाऊबाईंनी तांदळाचा डबा एकटीनं ओढला आणि उसण भरून घेतली. आमचं बोलणं बंद होतं; कशावरून ते आता मलाही नीट आठवत नाही, तिला आठवत असेल. ती काही स्वतः आली नाही. मुलाला पाठवलं. पुतण्या सरळ स्वभावाचा, बापावर गेलेला. दारात उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, "काकी, आई बोलवतेय. पाय लावायला."

"बोलवतेय, की हुकूम सोडलाय?"

"काकी, यार, तू चल ना."

गेले. हॉलच्या मधोमध चटई टाकून ती पालथी पडली होती. गणपतीच्या मखराचं बघायला तिच्या दोन मैत्रिणी आलेल्या, त्या सोफ्यावर चहा पीत बसलेल्या. एरवी मी भिंतीजवळ उभी राहते, आधाराला हात टेकते. मी म्हटलं, "वहिनी, जरा भिंतीकडे सरकता का?"

"माका हलूक येता तर तुका कशाला बोलवला असता?" रागावली की तिला मालवणी येते. "लाव पाय आणि जा!"

भोवती धरायला काही नाही. मी उजव्या पायावर उभी राहिले, डावा उचलला, तिच्या कमरेवर टेकवला. आणि त्याच क्षणी उजवीकडे आत ती सुरी फिरली. पाय लटकन वाकला, माझा सगळा भार डाव्या पायावर, म्हणजे तिच्या कमरेवर, आणि पाठोपाठ मी अख्खीच तिच्यावर बसले.

ती जी किंचाळली! "मुद्दाम! मुद्दाम लाथ घातल्यान माका! इतक्या वर्षांचा उट्टा काढल्यान!"

"वहिनी, माझा पायच..."

"नमस्कारसुद्धा केला नाहीस! लाथ मारून उभी राहिलीस वर!"

उभी कुठली राहिले होते, पुतण्या काखेत धरून मला ओढत होता. सोफ्यावरच्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. दोन दिवसांत अख्ख्या टॉवरला कळलं की धाकटीनं थोरलीला चारचौघांत लाथ मारली. आणि दारातून मला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर झालं, "ज्या पायानं मला लाथ घातली तो पाय गणपतीला माझ्या उंबऱ्यात नको."

घरचा गणपती तिच्याकडे. पण मोदक माझे. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. मोदक करायला आणखी कुणी मिळेल हो, पण मी मुद्दाम मारली नाही हे कुणीतरी खरं मानावं, एवढंच मला हवं होतं. माझी मुलगी घाटकोपरहून फोनवर म्हणाली, "आई, खरं सांग हं, थोडीशी मुद्दाम?" पोटच्या पोरीनं असं विचारलं! फोन ठेवून दिला मी.

पुतण्यानं आईला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये न्यायचं ठरवलं. माझ्याकडे आला नि म्हणाला, "काकी, तुझंही नाव दिलंय. तू त्या दिवशी ज्या पद्धतीनं खाली बसलीस ना, ते मी बघितलंय." तेवढं एक माणूस माझ्या बाजूचं. रिक्षात तो मध्ये बसला, आम्ही दोघी दोन बाजूंना बाहेर बघत.

क्लिनिक कसलं, एक गाळा. दोन कॉट आणि मधे हिरवा पडदा. जाऊबाईंची लाथेची कहाणी ऐकून, त्यांना तपासून झालं होतं. हाड वगैरे काही नाही, स्नायू धरलाय, म्हणून शेक देत पलीकडे झोपवलेलं. म्हणजे कान मोकळे. फिजिओ मुलगी माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. म्हणाली, "आजी, कुठे दुखतं?"

"कंबर."

"एका बोटानं दाखवा."

मी बोट कमरेवर ठेवलं. तिनं तिथे दाबलं. काही नाही. आणखी दाबलं. काही नाही. पडद्याआडून "हं!" असा आवाज आला. त्या एका "हं"मध्ये आमचा अख्खा संसार होता.

मग मी म्हटलं, गेली लाज खड्ड्यात. "कुल्ला गं! उजवा कुल्ला. आत, खोल." आणि बोट ठेवलं ते पाठीच्या खाली जिथे खळी पडते ना, तिच्या किंचित खाली.

ती मुलगी एकदम सरसावली. "मग कंबर का सांगितलंत?" मग म्हणाली, "एका पायावर उभ्या राहा, मी धरते." डाव्या पायावर राहिले, काही नाही. उजव्यावर राहिले आणि तोंडातून अशी किंकाळी निघाली की पडदा हलला. मी पुलावरच्या चुकलेल्या पायरीचंही सांगून टाकलं. मग मला झोपवून तिनं काय काय केलं. मांडी उभी धरून खाली दाबली, कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी ताणली, कुशीवर घेऊन वरून दाबली. दर वेळी विचारायची, "हेच का तुमचं नेहमीचं दुखणं?" तेच होतं. शेवटी म्हणाली, उजवा पाय सरळ उचला. उचलला, शिशासारखा जड. मग तिनं दोन्ही हातांनी माझी कंबर बाजूंनी आवळून धरली नि म्हणाली, आता उचला. पाय हलका झाला! मी म्हटलं, "हे काय गं, जादू?"

"जादू नाही आजी. कण्याच्या तळाचं हाड आणि कमरेचं मोठं हाड, यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो. तुमचा उजवीकडचा दुखावलाय, पायरी चुकली तेव्हाच बहुतेक. दोन पायांवर भार वाटला जातो. एका पायावर उभ्या राहिलात की सगळा त्याच सांध्यातून जातो. एकाच चाचणीवर मी म्हटलं नसतं, पण इतक्या सगळ्यांत तेच दुखणं निघालं." मग पट्टा सांगितला, कुल्ल्याचे नि पोटाचे व्यायाम सांगितले, परकर बसून घालायला सांगितलं. फरक पडला नाही तर पुढे मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. "आणि एका पायावर उभं राहायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या पाठीवर पाय ठेवायला तर मुळीच नाही. कोणाच्याच भल्याचं नाही ते."

पडदा सरकला. जाऊबाई शेकाची पिशवी पाठीला धरून, कोपरावर रेलून बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मी घामानं भिजलेली, साडी विस्कटलेली. मनात म्हटलं, बघ. आता तरी बघ.

त्या फिजिओला म्हणाल्या, "म्हणजे हिनं मुद्दाम नाही मारली?"

"नाही हो. त्यांचा पायच सुटला असणार."

जाऊबाईंनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली. मग तोंडावर जे आलं ते हसू नव्हतं, पण त्याच्या घरातलंच होतं. "बरं," म्हणाल्या. "ये गणपतीला. पण खुर्चीवर बसून कर मोदक. नमस्कार राहिलाय तो राहू दे, वाकताना माझ्यावर पडशील परत."

गेले. कमरेला पट्टा बांधून खुर्चीवर बसून मोदक वळत होते. दुपारी दर्शनाला वरच्या मजल्यावरचे एक आजोबा आले, कमरेवर हात ठेवून. मला बघून खूश झाले. "अरे वा, तुम्ही आहात! जरा पाय लावता का?"

मी तोंड उघडायच्या आत देवासमोरून जाऊबाईंचा आवाज आला, आरतीला जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तिच्याकडे नको हो. तिच्या पायात आता काही राहिलं नाही. त्या दिवशी मला मारली ना, तीसुद्धा मुद्दाम नव्हती. मुद्दाम मारायचं बळ कुठलं तिच्यात? डॉक्टरणीनंच सांगितलंय." आणि मग गोड आवाजात, "गैरसमज झालेला हो माझा. बिचारी."

सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांचा विश्वास बसला. मला हवं होतं ते झालं होतं.

मी हातातल्या मोदकाला कळी पाडत राहिले. खरं सांगू? लाथ मुद्दाम मारली असती तर बरं झालं असतं.