अक्षराखालची रेघ

नव्वदीच्या दशकात मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत एक गुरुजी रविवारी सकाळी मंत्र शिकवायला यायचे. शिकणाऱ्या आठ बायकांसाठी पाठाचे कागद मी हाताने लिहिले. दीर्घ अक्षरं लाल शाईने, अनुस्वाराचे टिंब ठळक, स्वर उतरवायच्या अक्षराखाली आडवी रेघ, चढवायच्या अक्षरावर उभी.

पहिल्याच दिवशी तळमजल्यावरच्या गुजराती बेननी आडव्या रेघेची अक्षरं चक्क ओरडून म्हटली. बाकीच्यांनीही तीच री ओढली. मी घाईने हातातला कागद पुन्हा पाहिला. आठही कागद चुकले की काय?

"बेन, एवढ्या जोरात का?" गुरुजींनी विचारलं.

"रेघ मारलीय ना! ऑफिसमध्ये महत्त्वाच्या शब्दाखालीच मारतो आम्ही."

गुरुजींनी माझा कागद ओळीओळीने तपासला. मी शेजारीच उभी.

"खुणा सगळ्या बरोबर आहेत, ताई. फक्त वाचायच्या कशा, ते सांगायचं राहिलं."

मग त्यांनी हात खाली नेत स्वर उतरवून दाखवला, वर नेत चढवून. बायकांनी हातासकट पुन्हा म्हटलं. बेनचा स्वर अलगद उतरला, तेव्हा कुठे मी खुर्चीवर टेकले.