नऊ हजार नऊशेचा सेल

आमचे हे सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतायत. हेल्मेटवर हेडलॅम्प लावायचा, लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं आणि लोखंडी दोर बोट बोट तपासायचा. हट्टी इतके, की ताप आला तर थर्मामीटरवर संशय घेतील.

चार महिन्यांपूर्वी हेडलॅम्पचा सेल संपला. यांनी रस्त्यावरून नवा आणला आणि वर मला दाखवला. "जुन्यावर ताकद तीन हजार एमएएच लिहिली होती, यावर नऊ हजार नऊशे. तिप्पट चालेल बघ."

तेव्हापासून माणूस गप्प गप्प. परवा खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलले. "माझे डोळे चाललेत. वीस-पंचवीस मिनिटं झाली की खड्ड्यात सगळं धूसर. दोराची तुटकी तार नजरेतून सुटली, तर लिफ्टमधल्या लोकांचं काय? महिनाअखेर काम सोडतो." डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे तो काय वेगळं सांगणार.

रविवारी दुपारी माझ्या शिलाई मशीनचा पट्टा निसटला. तो बसवायला मी यांचा हेडलॅम्प बांधून खाली वाकले. वीस मिनिटांत मलाही पट्टा दिसेना. माझे डोळे ठणठणीत आहेत, सुईत दोरा मी एका झटक्यात ओवते. दिवा इतका हळूहळू मंदावला होता की कळलंच नाही. डोळे नाही, अक्कल गेलीय तुमची, असं म्हणत यांना ओढत बॅटरीवाल्याकडे नेलं.

त्याने सेल काट्यावर ठेवला. अठ्ठावीस ग्रॅम. "या मापाचा चांगला सेल पंचेचाळीसच्या आसपास भरतो. आणि त्यात साडेतीन हजारांच्या फार पुढे कुणी जात नाही. नऊ हजार नुसतं छापलंय हो." सेल त्याने यंत्रावर पूर्ण भरून रिकामा केला. जेमतेम सहाशे निघाले.

मग आमचा चार्जर तपासला. "हा चार पूर्णांक दोन व्होल्टला थांबायला हवा, तर थांबतच नाही. सेल पेटला असता एखाद्या दिवशी." त्याने खात्रीचा तीन हजारांचा सेल दिला, आत जादा चार्जिंग तोडणारी संरक्षणाची चकती असलेला. तो किंचित लांब असतो, म्हणून झाकण नीट बसतंय ना तेही बघितलं. सोबत एका लिथियम सेलचा, भरला की आपोआप बंद होणारा चार्जर दिला. जुना सेल शॉर्ट होऊ नये म्हणून टोकांना चिकटपट्टी लावून ठेवून घेतला.

सोमवारी हे तीन तास खड्ड्यात होते. घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "शेवटपर्यंत लख्ख दिसत होतं गं."

मी चिडलेच. "चार महिने एकटे घाबरत बसलात. मला सांगता येत नव्हतं?"

"काय सांगणार होतो? रोज जेवताना तुला नीट बघून ठेवत होतो, एवढंच."

आणि मी आपली समजत होते, भाजी बिघडली म्हणून हा माणूस माझ्याकडे टक लावून बघतोय.