बुद्धप्रियाचा चौकशीचा फॉर्म

लातूरच्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी ऑफिस सांभाळते, तिथली सकाळ घाणीने सुरू व्हायची. मोरीतली घाण परवडली, ही मेलमधली होती. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून रात्रभर जुगाराची जाहिरात, झटपट कर्ज, ताकदीच्या गोळ्या, ‘तुमची साइट पहिल्या पानावर आणतो’ असलं काहीबाही येऊन पडायचं. त्या ढिगात कुठेतरी किनवटकडचा एखादा बाप विचारत असायचा, ‘मुलीला मेसमधे तिखट कमी मिळेल का?’ त्याला उत्तर मिळायचं नाही, कारण तो मला दिसायचाच नाही. दिसलाच तर मी मेल आदिनाथ सरांकडे पाठवायची, सर रेक्टर तारामतीबाईंकडे, बाई मेसवाल्याकडे. तोवर बापाने दुसरीकडे पोरगी ठेवलेली असायची.

आदिनाथ सर वसतिगृहाचे मालक. त्यांना मीच बुद्धप्रियाचं नाव सुचवलं.

ती माझी भोकरची शाळेतली मैत्रीण. वडील पोस्टात होते. घरात पुस्तकं भरपूर आणि बोलणं त्याहून जास्त. कॉलेज झाल्यावर पुण्याला गेली, तिथल्या एका कंपनीत चार जणांचं काम एकटीने करून वैतागली आणि नांदेडला खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. वेबसाइट बनवते. स्वभाव तिरसट. गिऱ्हाइकाने ‘जरा झगमग करा’ म्हटलं की तिचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होतो. पण एखाद्या पानावर माणूस कुठे अडखळेल हे ती माणसाच्या आधी ओळखते.

आमचा जुना फॉर्म बघून तिने नाक मुरडलं. म्हणाली, “ह्यात वडलांचं उत्पन्न कशाला विचारून राहिले? पोरीची आई फक्त खोली हाय का विचारती.” मग तिने निम्मे रकाने उडवले. नाव, मोबाइल, मजकूर, एवढंच ठेवलं. सगळ्यात वर एकच प्रश्न टाकला: कशाबद्दल विचारायचंय? प्रवेश आणि खोली निवडली की मेसेज थेट तारामतीबाईंच्या मोबाइलवर. जेवण निवडलं की मेसवाल्याकडे. फीबद्दल असेल तर हिशेब बघणाऱ्या मॅडमकडे. ‘इतर’ निवडलं तर माझ्याकडे, म्हणजे कुणाचाच नाही असा मेसेज उरणार नाही. पाठवणाऱ्याला लगेच उत्तर जायचं, तुमचा निरोप पोचला, अमुक बाई फोन करतील.

घाणीचं काय, तर तिने आडवेतिडवे आकडे ओळखायला लावणारं कोडं टाकलं नाही. खेड्यातल्या जुन्या मोबाइलवर आईबाप तिथेच हात टेकतात, म्हणाली. त्याऐवजी फॉर्ममधे एक रकाना लपवून ठेवला. तो माणसाला दिसत नाही, म्हणून रिकामा राहतो. आपोआप भरणारे प्रोग्राम मात्र असेल तो प्रत्येक रकाना भरतात आणि तिथेच सापडतात. पान उघडताक्षणी भरून आलेला फॉर्म, मजकुरात ठासलेल्या लिंका, हेही अडायचं. शिवाय अडवायच्या शब्दांची एक यादी होती, जुगार, कर्ज वगैरे. तीत ऑफिसमधून कुणालाही भर घालता यायची. अडलेला मेसेज पुसला जात नसे. तो वेगळ्या कप्प्यात पडे, आणि पाठवणाऱ्याला मात्र ‘पोचला’ असंच दिसे, नाहीतर घाण टाकणारे शहाणे होतात. “यंत्र चुकतं,” तिने मला बजावलं, “तो कप्पा रोज माणसानं बघायचाच.”

मी रोज बघायची. मेल इतकी स्वच्छ झाली की मला कामाचा कंटाळा यायचा थांबला. सरांनीही तोंडभरून कौतुक केलं. थोड्या दिवसांनी ते मायेने म्हणाले, पुनम, तू कशाला ती घाण चिवडतेस, तो कप्पा मी बघत जाईन. मला बरंच वाटलं. मालक स्वतःहून घाण उपसतो म्हणतोय, आणखी काय पाहिजे!

मग प्रवेशाच्या दिवसांत इस्लापूरहून एक मुलगी आली. सुकन्या वाघमारे. पाठीवर पिशवी, हातात मोबाइल. क्लासला नाव लागलं होतं, सोमवारी वर्ग सुरू होणार होता आणि राहायला जागा नव्हती. ती म्हणाली, मी दोनदा लिहिलं, ‘पोचला’ असं आलं, फोन कुणाचाच नाही. तिने स्क्रीन दाखवली. खरंच पोचला होता. तारामतीबाईंकडे मात्र काहीच नव्हतं.

बुद्धप्रिया त्या दिवशी लातुरातच एका दुकानाच्या कामाला आलेली. मी फोन केला, ती रिक्षाने आली आणि माझ्या खुर्चीत बसून तिने तो कप्पा उघडला. जुगार, गोळ्या, कर्ज, आणि त्यांच्या मधे सुकन्या. तिच्या खाली आणखी एक मुलगी. आणखी एक. एकीने ‘कृपया’ तीन वेळा लिहिलं होतं. बुद्धप्रियाने शब्दांची यादी उघडली. जुगाराच्या खाली आडनावं होती. मराठीतून आणि इंग्रजीतून, दोन्ही. कांबळे होतं, वाघमारे होतं. बुद्धप्रियाचं स्वतःचंही होतं. कप्पा आणि यादी, दोन्ही आता फक्त सरच बघत. ज्या हाताने सर सकाळी देवाला फूल वाहतात त्याच हाताने बसून हे एकेक टाइप केलं होतं.

सर आले तेव्हा बुद्धप्रिया एकेका मेसेजवर ‘स्पॅम नाही’ दाबत होती. सरांनी स्क्रीन पाहिली. खजील वगैरे झाले नाहीत. उलट समजूत घालायला लागले. आपण स्वतः काही मानत नाही, पण खोलीत तीन मुली राहतात, बाकीचे पालक विचारतात, धंद्यात बघावं लागतं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नको बाळा. तुझं येगळं हाय.”

बुद्धप्रियाने हात थांबवला नाही.

“मग असं करू सर. फॉर्मच्या वर ठळक लिहिते, कोणत्या आडनावाच्या पोरींनी विचारायचं न्हाई. लपवायचं कशाला? त्यांचा तरी टाइम वाचंल.”

“असं कुठं लिहितात का?” सर म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तारामतीबाई मोबाइल घेऊन बाहेर आल्या. सुटलेले सगळे मेसेज बरोबर जागी, म्हणजे त्यांच्याकडे जाऊन धडकले होते. त्या बिचाऱ्या खुशीत होत्या. म्हणाल्या, “एकदम इतक्या पोरी कुठून आल्या वं? बरं झालं, वरच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्याच हायत.”

सुकन्या सगळं ऐकत दारात उभी होती. सरांनी घसा खाकरला आणि नको तितक्या प्रेमाने बाईंना सांगितलं, हिला वरची चांगली खोली दाखवा, खिडकीची.

सुकन्याने पिशवी खांद्यावर नीट केली. तिला खोलीची किती गरज होती हे मला ठाऊक होतं. सोमवार लांब नव्हता. तिने सरांकडे बघितलंसुद्धा नाही, ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

“ताई, खोली नको,” ती बुद्धप्रियाला म्हणाली. “माझं नाव अन् नंबर इथून पुसून टाका. ह्यांच्याजवळ नको.”