अण्णांच्या भाषणातून मी खोडलेली ओळ

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. येरमाळ्याला देवीच्या पायऱ्या चढताना दोन-तीनदा मनाशी ठरवलं होतं, की आज तिच्यापुढं तरी बोलायचं – आणि दर वेळी पोरांच्या परीक्षांचं काहीतरी मागून खाली उतरले. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही, एवढं आधीच कबूल करते.

धाराशिवला एका सरकारी कचेरीत मी लिपिक आहे. कुठलं खातं ते राहू द्या. चार वर्षांपूर्वी आमचे बसवराज अण्णा निवृत्त झाले. लोहाऱ्याकडचे. घरात कानडी, कचेरीत मराठी. अंगानं किडकिडीत, आवाज एवढा हळू की टेबलापलीकडं ऐकू जायचा नाही. आणि विसराळू – म्हणजे सगळे तसं म्हणायचे. अण्णांच्या शर्टाच्या खिशात कायम चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा. कपाटाला कुलूप लावलं की ओढून बघायचे, दहा पावलं जाऊन परत यायचे, परत ओढायचे. पोरं मुद्दाम मागून हाक मारायची, "अण्णा, काहीतरी विसरलात बघा!" आणि अण्णा खरोखरच थांबून खिसे चाचपायचे. सगळे हसायचे. मी हसायचे नाही. पण कुणाला गप्पही केलं नाही.

निरोपाला घड्याळ द्यायचं ठरलं आणि ते आणायचं माझ्याकडं आलं, कारण अण्णा मला फार मानायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पट्टा चामड्याचा घेतला. साखळीचं घेतलं असतं तर त्यांच्या बारीक मनगटासाठी कड्या काढाव्या लागल्या असत्या. दुकानदारानं चावीखाली अडकवलेला प्लॅस्टिकचा बारका तुकडा ओढून काढला, चावी आत दाबली, तसा सेकंदकाटा चालू लागला. वेळ लावून दिली. पट्ट्याला आतल्या बाजूनं एक भोक जास्तीचं पाडून घेतलं. हे सगळं इतकं बारीक सांगते आहे – का? पुढचं सांगायचं लांबवते आहे, दुसरं काय.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा माझ्या टेबलाशी आले. हातात वहीचा फाडलेला कागद. "ताई, उद्या बोलावं लागंल म्हनं. मला काय जमत न्हाय. एखाद्याचं नाव राहिलं तर लई वाईट दिसंल. जरा बघता का?"

मी बघितलं. अशी भाषणं मी बऱ्याच जणांना लिहून दिली आहेत, त्याची एक रीत असते. आधी अध्यक्ष, म्हणजे साहेब. मग इतर अधिकारी, मग आपल्या शाखेतले. नावं हुद्द्याप्रमाणं वरून खाली घ्यायची. पण शिपाई, ड्रायव्हर, झाडायला येणाऱ्या मावशी यांची नावं घाईत उरकायची नाहीत, कारण भाषण खरं ऐकतात ते हेच लोक. मग बायको, मुलं. शेवटी "कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर माफी असावी" आणि नमस्कार. पाच मिनिटांच्या वर जायचं नाही. आधी इतरांची भाषणं झालेली असतात आणि लोकांचं लक्ष नाश्त्याच्या बशांकडं लागलेलं असतं. मी अण्णांना नावांना आकडे घालून दिले. माइक तोंडाला चिकटवायचा नाही, वीतभर लांब धरायचा, पण तुमचा आवाज बारीक म्हणून तुम्ही जरा जवळ धरा, हेही सांगितलं. ते मान हलवत होते.

आणि कागदाच्या खालच्या भागात, माफीच्या वाक्याच्या आधी, त्यांनी लिहिलं होतं: "सुनंदाताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या विसरण्यामुळं त्या अडचणीत आल्या, तरी माझ्यासाठी साहेबांकडं शब्द टाकला."

सुनंदाताई म्हणजे मी.

आता सांगावंच लागेल. त्या निरोपाच्या चौदा वर्षं आधीची गोष्ट. मी नोकरीत नवी होते. अण्णा तेव्हा जावक टेबलाला – कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या रजिस्टरात चढायचा, त्यावर क्रमांक पडायचा, मग तो टपालात जायचा. वरच्या कचेरीनं एक अहवाल मागवला होता, मुदत ठरवून दिलेली. तो मी तयार केला, साहेबांची सही घेतली आणि माझ्या नोंदवहीत "पाठवला" असं लिहूनही टाकलं. आधी लिहायचं, मग कागद जावकला द्यायचा, ही तेव्हा माझी सवय. मुदत टळली. वरून साहेबांना खरमरीत पत्र आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, आणि मी खण उघडूनसुद्धा न बघता म्हणाले, "मी अण्णांकडं दिला होता."

इथपर्यंत कुणीही घाबरून बोलेल, असं तुम्ही म्हणाल. थांबा.

अण्णांनी रजिस्टर पुढून-मागून चाळलं. नोंद नव्हती. "ताई म्हनत्यात तर दिला असंल," ते म्हणाले. "माझ्याकडनंच कुठं राहिला काय की." त्यांचा माझ्या शब्दावर स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास बसला. त्यांना लेखी खुलासा मागितला गेला, आठ दिवसांत द्यायचा. तिसऱ्या दिवशी मी स्टेपलरच्या पिना शोधायला खालचा खण पूर्ण बाहेर ओढला. अहवाल तिथं होता – खणाच्या मागं सरकून दुमडलेला. साहेबांच्या सहीसकट.

तेव्हा काय करायला हवं होतं? उठून चार पावलं चालायचं होतं. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी तो कागद पर्समध्ये घातला, बायकांच्या मुतारीत नेला आणि बारीक बारीक तुकडे केले.

अण्णांनी खुलाशात लिहिलं, "नजरचुकीने माझ्याकडून राहून गेले असावे." त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद चढली. जावक टेबल काढून त्यांना मागच्या रेकॉर्ड खोलीत बसवलं. त्यानंतर त्या चिठ्ठ्या सुरू झाल्या, ते कुलूप ओढून बघणं सुरू झालं. त्याआधी ते विसराळू नव्हते; ते तसे कशानं झाले, हे त्या कचेरीत फक्त मला माहीत होतं. आणि मी काय केलं? साहेबांकडं जाऊन म्हणाले, "अण्णांवर फार कडक कारवाई नको, साधे आहेत ते." सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाची बाई!

तर ती ओळ माझ्यापुढं होती. मी पेन उचललं आणि ती खोडली. "लांबतंय अण्णा," मी म्हणाले, "आणि मलाही अवघडल्यासारखं होईल." त्यांनी कागदाची घडी घातली. "बरं, ताई."

दुसऱ्या दिवशी चार वाजता खुर्च्या मांडल्या, टेबलावर चादर घातली. अण्णांना फेटा बांधला, साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं. त्यांच्या बायकोची ओटी भरली – मोठी नथ, खाली नजर. मग सूत्रसंचालन करणाऱ्यानं जाहीर केलं, की घड्याळ सुनंदाताईंनीच अण्णांच्या हातात बांधावं. मी डबी उघडली. पट्ट्याचा काटा भोकात जाईना. अण्णा हळूच म्हणाले, "असू द्या ताई, सावकाश." मीच पाडून घेतलेल्या भोकात शेवटी तो गेला.

मग ते बोलायला उभे राहिले. मी आखून दिल्याप्रमाणं सगळं – साहेब, अधिकारी, शाखा. एकही नाव चुकलं नाही. झाडणाऱ्या मावशींचं नाव आलं तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मावशींनी पदर डोळ्याला लावला. बायकोचं नाव घेताना ते लाजले. आता माफी आणि नमस्कार, मी मनात मोजत होते. तेवढ्यात त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"एक गोष्ट कागदावर न्हाय," ते म्हणाले. "सुनंदाताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार न्हाय. माझ्या विसरण्यामुळं त्या अडचणीत आल्या, तरी माझ्यासाठी साहेबांकडं शब्द टाकला. माणसानं एवढं मन ठेवावं."

शब्द न् शब्द तोच. मी खोडलेला.

टाळ्या पडल्या. त्यांच्या बायकोनं बसल्या जागेवरून मला हात जोडले. साहेब – हे नवे, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं – हसून म्हणाले, "ताई, तुम्हीपण दोन शब्द बोला की." अण्णांनी स्वतः माइक माझ्याकडं दिला. त्यांच्या हाताची ऊब त्याला होती.

चौदा वर्षांनी परत एकदा दार उघडं होतं. एक वाक्य पुरलं असतं. अण्णा समोर, त्यांची बायको समोर, सबंध कचेरी समोर. मी माइक वीतभर लांब धरला आणि म्हणाले, "अण्णांनी उगाच माझं कौतुक केलं. चूक काय, कुणाच्याही हातून होते. आपण समजून घ्यायचं असतं."

लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

घरी निघताना अण्णा फाटकाशी थांबले होते. "तुमी ती ओळ काडली व्हती, तरी म्या बोललो. राग न्हाय ना?" मी मान हलवली. ते खूश दिसत होते. "विसरंल वाटलं व्हतं," म्हणाले, "पण ध्यानात राहिली बघा."

दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते धाराशिवला येतात, तेव्हा भेट होते. मागच्या वेळी स्टँडजवळ चहा घेतला. नातू पहिलीत गेला आहे, शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्याला आणायला सून अण्णांना पाठवत नाही. "मी विसरलो बिसरलो तर? पोराचा जीव हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय तिचं." त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी चहा संपवला. लोहाऱ्याची गाडी लागली, त्यांना खिडकीजवळ जागा धरून दिली आणि घरी आले.

अहवाल माझ्या खणात होता. तो मी फाडला. अण्णा काहीही विसरले नव्हते.