तेलुगू न येणाऱ्याची तेलुगू उत्तरं

“वद्दु! वद्दु! वद्दु!”

मोबाइलमधली बाई इतक्या जोरात ओरडत होती, की आमच्या खिडकीतली चिमणी उडाली ती थेट बडनेऱ्याला जाऊनच टेकली असावी. ताईच्या हातात कातर होती. कातरीच्या तोंडात हिरव्या साडीचा काठ होता. माझ्या तोंडात मात्र एक शब्द नव्हता, कारण बाई तेलुगूत ओरडत होती, आणि मला तेलुगू येतं अशी तिची पक्की समजूत होती. ती मीच करून दिली होती.

“बापू, काय म्हनून राहिली हे बाई?” ताईनं विचारलं.

“काम आवडलं म्हणते,” मी म्हणालो. माणसाला सवय लागली की लागली.

“असं? मंग हात कावून जोडून राहिली?”

मी पडद्याकडे पाहिलं. बाईनं खरंच हात जोडले होते. डोळे भरलेले. ताईनं कातर खाली ठेवली. तोवर हिरव्या साडीचा काठ वीतभर कापला गेला होता.

आमचा धंदा गोधड्यांचा. ताईच्या भाषेत वाकय. माझी थोरली बहीण नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात बारा वर्षं शिलाई करत होती. गुडघ्यांनी राजीनामा मागितला तेव्हा घरी बसली आणि गोधड्या शिवू लागली. लोक आपल्या आईच्या, आजीच्या जुन्या साड्या पार्सलनं पाठवतात. ताई त्यांची गोधडी करून परत पाठवते. टाके तिचे, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझं. अमरावतीत माझ्याइतकं बोलणारा दुसरा माणूस नाही, हे मी नाही म्हणत, शेजारी म्हणतात, आणि म्हणताना दार लावून घेतात.

पण मला भाषा दोनच येतात. मराठी आणि इंग्रजी. हिंदी आम्ही बाजारात बोलतो खरी, पण ती ऐकून खरा हिंदीवाला पाणी मागतो. आणि गोधडीची जाहिरात इंटरनेटवर गेली ती साऱ्या देशात. कुणी गुजरातीत विचारी, कुणी तमिळमध्ये. एका बंगाली माणसानं आपली बंगाली इंग्रजी अक्षरांत टाइप केली, तर भाषांतराच्या ॲपनं ती कुठल्या आफ्रिकेतल्या भाषेतली ठरवली आणि मला सांगितलं, की गिऱ्हाइकाला आजीची होडी करून हवी आहे.

सुरुवातीला मी सगळ्यांना इंग्रजीतून उत्तर द्यायचो. अर्धी गिऱ्हाइकं तिथंच गप्प व्हायची. ताई म्हणाली, “आईच्या साडीची गोठ मानूस आईच्या भाषेत करते. त्याले तू बँकेसारखं इंग्रजी फेकून मारतं. ज्यानं ज्या भाषेत इचारलं, त्या भाषेत सांग.”

तिचं म्हणणं बरोबर निघालं. मी मजकूर कॉपी करायचा, ॲपमध्ये टाकायचा, मराठीत वाचायचा. उत्तर मराठीत लिहायचं, त्यांच्या भाषेत करून घ्यायचं, पाठवायचं. पहिल्या महिन्यात मी या पद्धतीनं नऊ भाषा बोललो. दुसऱ्या महिन्यात मला स्वप्नं कन्नडमध्ये पडू लागली, खाली मराठी अक्षरं येत होती म्हणून बरं.

उत्तराच्या वर एक ओळ टाकायची ताईची सूचना होती: आम्हाला तुमची भाषा येत नाही, मोबाइलवर भाषांतर करून लिहितो आहोत. दोन दिवस टाकली. मग मला वाटू लागलं, नऊ भाषा येणाऱ्या माणसानं आपण होऊन अडाणी का म्हणवून घ्यावं? मी ती ओळ काढून टाकली. ताईला सांगितलं नाही.

आणि मग वरंगळकडच्या या बाईचा मजकूर आला. तेलुगूत. आई वारली, तीन साड्या पाठवते, गोधडी वडिलांसाठी हवी. मी असं काही झोकात उत्तर दिलं, की तिला वाटलं अमरावतीत आपलं माणूस बसलं आहे. आपल्या माणसाला कोणी टाइप करत बसतं का? तिनं बोलून पाठवलं. सव्वादोन मिनिटांचा आवाज.

आवाज कॉपी करून ॲपमध्ये टाकता येत नाही. मी ताईच्या मोबाइलवर ॲपचा माइक सुरू केला, त्यापुढे माझ्या मोबाइलवरचा आवाज वाजवला. बाई भराभरा, तिच्या गावच्या बोलीत बोलत होती. मागं कुकरच्या शिट्ट्या. ॲपनं हाती दिलं ते असं: बाबांचा हात, कडेला, हिरवं, रात्री झोप. मी मनाशी म्हटलं, झोप लागेल अशी गोधडी करा म्हणते, दुसरं काय असणार? आणि तयार ठेवलेलं एक तेलुगू वाक्य पाठवून दिलं: तुम्ही सांगितलं तसंच होईल.

एवढंच माझं पाप. बाकीची सगळी थापेबाजी माफ आहे, हे एक नाही.

आमची एक पद्धत आहे. काम सुरू झालं की साडी अंथरल्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा. त्या दिवशी सकाळी दोन साड्या कापून झाल्या होत्या. ताई जाड काठ आधी कापून बाजूला काढते, कारण काठातून सुई जाता जात नाही. तिसरी, हिरवी, अंथरली. मी फोटो काढला. फोटोत साडीवर कातर दिसत होती. फोटो गेला, आणि मिनिटाच्या आत व्हिडिओ कॉल आला, तोच तो ‘वद्दु वद्दु’वाला.

कॉल मी बंद केला. हो, भ्यालो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी चोरून पेढे खाल्ले होते तेव्हा आईनं पाहिलं होतं, त्याच्या दुप्पट.

“खरं सांग. काय म्हने ते?”

“मले नाही समजलं, ताई.”

“आन् त्या दिवसच्या आवाजात?”

“तेही नाही.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, “मेल्या मानसाची साडी हाय ते. बजारात दुसरी भेटनार नाही. ज्याले समजते असा मानूस शोध.”

असा माणूस अकोल्यात होता. माझ्या सासुरवाडीच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेलं एक तेलुगू कुटुंब राहतं; अकोल्याहून खाली हैदराबादकडे गाड्या जातात, त्यामुळे अशी घरं तिथं बरीच. मी मेहुण्याला फोन केला, तो सायकल न काढताच पळाला, आणि शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर मी तो आवाज आणि आमचे सगळे मजकूर पाठवले. तीस वर्षं अकोल्यात काढलेल्या काकूंचा फोन दहा मिनिटांत आला. त्या दहा मिनिटांत माझे उरलेले केस पांढरे झाले.

“भाऊ, तुमी गोधडी विकून राहिले का जागा खाली करून राहिले?” काकू म्हणाल्या. “काय हे लिवलं? सगळं नोटीसीसारखं. ‘आपणांस कळविण्यात येते’!”

“काकू, ते मंग सांगा. आवाजात काय हाय?”

काकू सांगू लागल्या. “त्या पोरीच्या बापाले आता दिसत नाही. हिरवी साडी तिच्या आईच्या नेहमीच्या अंगावरची. ते कापू नका म्हनते. अख्खी वरून लावा, काठ डोक्याकडं येऊ द्या. बाप रात्री हात फिरवन, काठ लागला का त्याले समजन कोनाची हाय ते.”

‘वद्दु’ म्हणजे ‘नको’, हेही काकूंनीच सांगितलं. मी फोन लाउडस्पीकरवर ठेवला होता. ताईनं कातर उचलली आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

“आन् तुमी काय उत्तर देल्लं?” काकूंनी विचारलं. “ ‘सांगितलं तसंच होईल.’ इतकं मातर शुद्ध लिवलं तुमी.”

मग उत्तर लिहायला बसलो. आयुष्यात मी एवढं छोटं कधी लिहिलेलं नाही. ताई सांगत गेली, मी लिहीत गेलो. एका वाक्यात एकच गोष्ट. आम्हाला तेलुगू येत नाही. मोबाइलवर भाषांतर करून लिहितो. तुमचा आवाज आम्हाला कळला नव्हता. कळला असं मी खोटं लिहिलं. हिरव्या साडीचा काठ एक वीत कापला गेला आहे. बाकी साडी अख्खी आहे. तुम्ही म्हणाल तर साड्या परत पाठवतो.

भाषांतर करून घेतलं. मग ते तेलुगू पुन्हा ॲपमध्ये टाकून मराठीत आणलं, उलटून काय येतं ते पाहायला. ‘कापला गेला’चं ‘हरवला’ होऊन आलं. ते वाक्य बदललं, पुन्हा उलटलं, मग बरोबर आलं. शेवटी काकूंना पाठवलं. त्यांनी सुरुवातीला, तेलुगूत लेकीबाळींनाही मायेनं म्हणतात तसा, ‘अम्मा’ एवढा एक शब्द घातला आणि म्हणाल्या, “आता मानसानं लिवल्यासारखं वाटते.” सोबत फोटो: कापलेली जागा, आणि शेजारी माप कळावं म्हणून ताईचा पंजा.

उत्तर यायला दुपार झाली. त्या दुपारी मी एक शब्द बोललो नाही. गल्लीत लोक चौकशीला आले, कोणी गेलं का म्हणून.

बाईनं या वेळी टाइप केलं होतं. सावकाश, सोप्या वाक्यांत, परक्याशी बोलावं तसं. शिवून टाका. काठ डोक्याकडं. तुम्ही खरं सांगितलं. पुढचं सगळं मी लिहूनच पाठवीन.

ताईनं ती वीत हिरव्या दोऱ्यानं दोन दिवस रफू केली. मी तिला एका बोटाच्या जागेवर दीडशे टाके घालताना पाहिलं आहे. मोजले नाहीत, पण माझ्या बोलण्यावर कोण शंका घेईल? त्या दोन दिवसांत मी प्रत्येक भाषेतल्या उत्तराच्या वर ती काढून टाकलेली ओळ परत घातली. साड्यांवर एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या ठेवून फोटो काढायचा, कोणत्या आकड्याचं काय करायचं ते पुन्हा विचारायचं, आणि लेखी होकार आल्याशिवाय कातर बाहेर यायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. वाटलं होतं गिऱ्हाइकं पळतील. उलट ती जास्तच बोलू लागली. एका तमिळ आजोबांनी तर आमच्यासाठी सोप्या तमिळमध्ये लिहायला सुरुवात केली. त्यांच्यासारखं सोपं मराठी आमच्या अमरावतीत मला कोणी लिहून दाखवावं.

गोधडी वरंगळकडं पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईचा मजकूर आला. मी तो मराठीत केला, खात्रीसाठी काकूंना वाचायला लावला, आणि मग ताईपुढे उभा राहून मोठ्यानं वाचला. वडिलांनी हात फिरवला. काठ लागला. तो धरून बराच वेळ बसले. मग रफूच्या जागी बोट थांबलं. म्हणाले, हे टाके तिचे नाहीत, तिचे याहून बारीक होते. आणि गोधडी अंगावर घेऊन झोपले.

ताईनं सुईत दोरा ओवला.

“असतीन बारीक,” ती म्हणाली. “धुवाची कशी, ते लिवलं का त्यायले?”