देशी शब्दांच्या यादीतला विसावा शब्द

तिनं कागद टेबलावर ठेवले तेव्हा मी रागानं नुसता फणफणत होतो. राग तिच्यावर नव्हता. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यावर होता, उत्तरं ठरवणाऱ्या तज्ज्ञावर होता आणि त्या तज्ज्ञाला तज्ज्ञ म्हणणाऱ्यावरही होता.

"कुठल्या गाढवाचं पुस्तक बघून ठरवलंय हे?" मी विचारलं.

ती खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला वाटलं, बिचारी रडायच्या बेतात आहे.

बेळगावच्या खासबागेत शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत माझा क्लास आहे. सीमाभागातली मुलं महाराष्ट्रातल्या भरतीला बसतात, आणि त्यांचं मराठी व्याकरण पक्कं करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ही मुलगी निपाणीची. दोन वर्षं रोज पहाटेची एसटी धरून यायची. आई घरी विड्या वळणारी, बाप नाही. लिपिकाच्या भरतीच्या तात्पुरत्या यादीत ती एका गुणानं राहिली होती. एका गुणानं! तो गुण कुठं गेला हेही तिला ठाऊक होतं.

प्रश्न असा होता. विधान अ: 'विडी' हा तद्भव शब्द आहे. विधान ब: 'तंबाखू' हा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द आहे. कोणतं विधान बरोबर? तिनं 'दोन्ही' लिहिलं. उत्तरतालिकेत आलं 'फक्त ब'. कारण त्यांच्या मते विडी हा देशी शब्द.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संस्कृतातून जसाच्या तसा आला तो तत्सम, जसं पर्ण. वापरून वापरून बदलत आला तो तद्भव, म्हणजे त्याच पर्णाचं पान. परक्या भाषेतून आला तो परभाषी. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आला, अडकित्ता कानडीतून. आणि ज्याचं मूळ यांतल्या कुठल्याच घरात सापडत नाही तो देशी, म्हणजे झाड, दगड, बोका. फळ्यावर हे चार रकाने मी इतक्या वेळा आखलेत की डोळे मिटून आखून दाखवीन.

उत्तरतालिका आली की तिच्यावर हरकत घेता येते. पण नुसतं 'चुकलंय' म्हणून चालत नाही. पुस्तकाचं नाव, पानाचा क्रमांक आणि त्या पानाची झेरॉक्स लागते. तिनं ते सगळं केलं होतं, आणि मला न सांगता केलं होतं; आज कागद ठेवण्याआधी पहिल्यांदा सांगितलं. बेळगावच्या एका वाचनालयात बसून जाडजूड व्युत्पत्तिकोशातून तिनं पान काढलं: संस्कृत वीटिका, त्यावरून विडी. तांबूलवीटिका म्हणजे खायच्या पानाचा विडा. विडा आणि विडी एकाच घरातली. बिनतोड पुरावा होता. तरी हरकत फेटाळली गेली. मग तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, की कशाच्या आधारावर फेटाळली ते दाखवा. त्याचं उत्तर आलं होतं. टेबलावर पडले होते ते तेच कागद.

"बघा की सर," ती म्हणाली. "मागं पुस्तकाचं पान जोडलंय."

मी पान उलटलं. झेरॉक्स काळपट होती, कडा तिरकी आली होती. वर मथळा: देशी शब्द. खाली वीस शब्दांचं कोष्टक, चार ओळी, पाच रकाने. शेवटच्या चौकोनात विडी. तिच्याभोवती कुणीतरी पेनानं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'संदर्भ पडताळला. हरकत अमान्य.'

ते पान माझ्या पुस्तकातलं होतं.

मी उगाच चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोष्टक तेच. पानाच्या तळाशी माझं नाव तेच. गाढव कोण, याचा निकाल लागला होता आणि मुलीनं तो निकाल माझ्या टेबलावर आणून ठेवला होता.

मला त्या यादीचा फार अभिमान, पण तिच्यातले शब्द कित्येक वर्षांत मी वाचून बघितले नव्हते; चाचण्याही छापील उत्तरांवरूनच तपासायचो. नंतर निघालेल्या किती गाइडांत ती उचललेली मी बघितली आहे. मुलांना दाखवून मी म्हणायचो, "बघा लेको, चोरांनी शब्दांचा क्रमसुद्धा बदललेला नाही!" मुलं हसायची आणि मी आणखी फुगायचो. ती यादी चोरांच्या हातून फिरत फिरत तज्ज्ञांच्या टेबलापर्यंत जाईल आणि तिथं प्रमाण ठरेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

आणि मग मला तो विसावा शब्द कसा आला ते आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मी निपाणीत राहत होतो. पुस्तक छापायला गेलेलं. सकाळी छापखान्यातून फोन आला, "सर, देशीच्या कोष्टकात एकोणीसच शब्द आहेत, एक चौकोन रिकामा राहतोय. वाईट दिसतंय. लवकर सांगा, प्लेट करायची आहे." मी शब्दासाठी इकडंतिकडं बघितलं. समोर सोप्यात आई बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं. पान उचललं, चिमूटभर तंबाखू घातला, वळलं, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला. माझं शिक्षण तिच्या त्याच बोटांवर झालेलं. मी फोनमध्ये म्हणालो, "घाला. विडी."

कोश उघडला नाही. उघडावासा वाटलाही नाही. विडी हा आमच्या गल्लीतला शब्द, आमच्या आयांच्या बोटांतला, त्याला संस्कृतात कोण विचारतंय, असं मी धरूनच चाललो होतो. 'मूळ सापडत नाही' आणि 'मी शोधलंच नाही' यांत फरक असतो, हे पोरांना शिकवणारा माणूस मी!

आईनं विचारलं होतं, "काय रं, विडीचं काय म्हणालास?"

"तुझ्या विडीला पुस्तकात घातलं, आई."

"व्हय?" ती इतकी खूश झाली होती की दोन दिवस येईल त्याला सांगत होती. आता ती नाही, हे एका अर्थी बरं म्हणायचं.

मुलगी अजून उभीच होती. मी तिला बस म्हणालो.

"तुला माहीत होतं, हे माझं पान आहे?"

"व्हय सर. बघितल्या बघितल्या वळखलं."

"मग तू मला वर्गात कधी विचारलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

"इचारलतं की सर. मागल्या वर्षी. विडी तद्भव असंल का म्हणून. तुम्ही म्हणालात, तुझ्या न् माझ्या आईच्या विडीला कुठलं आलंय गं संस्कृत. समदी हसली."

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. कारण मला ते आठवतच नव्हतं. तिला शब्दन् शब्द पाठ होता आणि माझ्या डोक्यात त्याचा मागमूस नव्हता. असं किती वेळा मी वर्गाला हसवलं असेल, कुणाकुणाची टर उडवून, देव जाणे.

"मी लई शोधलं मग," ती पुढं म्हणाली. "वर्गाच्या चाचणीत मात्र देशीच लिहीत गेले. पुस्तक तुमचं, गुण तुम्ही देणार."

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेत वाटलं, हितं तरी खरं लिवावं."

मला तिच्यापुढं मान वर करता येईना. माझी लाज वाटत होती आणि तिचा अभिमान वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटणं फार वाईट. माझं ऐकून तिनं खोटं लिहिलं असतं तर आज तिची निवड झाल्यात जमा असती.

अंतिम निवड यादी लागायला अजून आठ दिवस होते. तिला माझ्याकडून एक पत्र हवं होतं, एवढंच. लेखकानंच लिहून द्यावं की ही नोंद चुकीची आहे. ते पत्र जोडून ती पुन्हा निवेदन देणार होती. ती हे सांगताना चाचरत होती, कारण त्या पत्राचा अर्थ तिलाही कळत होता. ज्याची यादी चुकली, त्याच्या क्लासला पोरं कशाला येतील?

खरं सांगतो, एक क्षण मी टाळाटाळीचा विचार केला. 'दोन मतं आहेत' असं लिहावं. 'पुढील आवृत्तीत विचार करू' असं लिहावं. अशी वाक्यं मला झोपेतसुद्धा सुचतात. पण ती समोर बसली होती आणि तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तंबाखूचा पिवळा डाग होता. म्हणजे ही पोरगी अभ्यास करून आईबरोबर विड्याही वळत होती. तो डाग मी जन्मभर बघितलेला आहे.

मी लेटरहेड काढलं. विडी हा तद्भव शब्द आहे, मूळ संस्कृत वीटिका, माझ्या पुस्तकातली नोंद चुकीची आहे, असं स्वच्छ लिहिलं. मग वाटलं, ते विचारतील, तुम्ही तेव्हा कशाच्या आधारे लिहिलंत? म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'सदर शब्द यादीत घेण्यास कोणताही आधार नव्हता. कोष्टकात एक जागा रिकामी होती.' सही केली, शिक्का मारला. घाईत शिक्का दोनदा उमटला.

ती त्याच दिवशी कोल्हापूरला भरतीच्या कार्यालयात जाऊन निवेदन देऊन आली. सहाव्या दिवशी उत्तर आलं. ते घेऊन ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. मी घाईघाईनं वाचलं, मग सावकाश वाचलं, मग एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं.

लिहिलं होतं की संबंधित पुस्तक क्षेत्रात प्रमाण मानले जात असून अन्य अनेक मार्गदर्शिकांतही तीच नोंद आढळते. सबब लेखकाचे वैयक्तिक मत विचारात घेता येत नाही. अंतिम उत्तरतालिका कायम.

त्या 'अनेक मार्गदर्शिका' म्हणजे माझेच चोर. त्यांनी क्रमसुद्धा बदललेला नव्हता.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली, पिशवीत ठेवला. रडली नाही. मला वाटलं, आता ही काहीतरी कडू बोलेल, आणि बोललेलं मला हवंही होतं. पण ती नवलानंच म्हणाली,

"सर, तुमचं पुस्तक आता तुमचंबी ऐकंना झालंय."

आणि पुढच्या भरतीचा अर्ज भरायला जिना उतरून नेट कॅफेत गेली.